मागणीपत्राच्या सभेतले प्रास्ताविक

दोन्ही पाळ्यांतल्या बंधूभगिनींनो, आणि आपल्या विनंतीला मान देऊन आलेले कार्मिक व्यवस्थापक व उत्पादन विभागाचे साहेब, नमस्कार.

दुसरी पाळी आज 3:30 ऐवजी 4:10 ला सुरू करायला कंपनीने परवानगी दिली आहे. पहिल्या पाळीच्या बसही 4:10 लाच सुटतील. ही 40 मिनिटं पगारातून कापली जाणार नाहीत, तसं काल नोटीस बोर्डावर लागलंच आहे. तेव्हा वेळ पाळायची जबाबदारी आता आपली.

आजच्या वक्त्या आपल्या सरचिटणीस मंगलताई. सातपूरच्या या कारखान्यात त्या 19 वर्षं आहेत. सुरुवात तपासणी विभागात, नंतर टूल रूमच्या स्टोअरमध्ये. सरचिटणीसपदाची ही त्यांची दुसरी मुदत. ताईंना मोठी विशेषणं आवडत नाहीत, म्हणून त्यांच्या कामाचा हिशोबच मांडतो, जमेची बाजू आणि बाकीही.

मागच्या करारात आपण 9,500 रुपये मागितले होते, कंपनीची पहिली तयारी 5,200 ची होती. सही झाली 7,100 वर: पहिल्या वर्षी 3,550, पुढची दोन वर्षं 1,775 प्रत्येकी. सही व्हायला 7 महिने उशीर झाला. त्या काळाची थकबाकी माणशी 24,850 रुपये. ऑर्डर कमी असताना कंपनीने ती दोन हप्त्यांत मागितली, ताईंनी तारखा लिहून घेतल्या, आणि दोन्ही हप्ते त्या तारखांना जमा झाले. हे व्यवस्थापनाच्या खात्यावर मांडायलाच हवं.

बाकी कुठे राहिली? 7,100 पैकी 4,260 मूळ पगारात गेले आणि 2,840 भत्त्यांत. आपल्याकडे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर होतो. इतर भत्ते वाढले की हातात पैसे दिसतात, निवृत्तीच्या वेळी ते दिसत नाहीत. निवृत्तीला आलेल्या सभासदांची ही नाराजी रास्त आहे. कंपनीचं म्हणणं असं, की मूळ पगार वाढला की तिचा पीएफचा वाटा, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटीची तरतूद, सगळंच वाढतं. तेही खोटं नाही. या वेळच्या मागणीपत्रात हाच मुद्दा पहिला आहे. ताई तो आकड्यांसह सांगतील.

प्रेस शॉपबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ताईंची पद्धत तिथे कळते. इन्सेंटिव्ह नगावर होता आणि डाय बदलायचा वेळ त्यातून वजा होत नव्हता. तो वेळ भरून काढायला काही जण दोन बटनांपैकी एक चिंधी कोंबून दाबून ठेवत. मग एक हात मोकळा राहतो, आणि तोच डायमध्ये जातो. ताईंनी आधी आपल्याच सभासदांना सांगितलं, चिंधी सापडली तर युनियन बाजू घेणार नाही. पुष्कळांना ते झोंबलं. त्याच आठवड्यात त्यांनी व्यवस्थापनाला लेखी दिलं, की चिंधीचं कारण तुमच्या इन्सेंटिव्हच्या तक्त्यात आहे. आता डाय सेटिंगचा वेळ हिशोबातून वगळला जातो, आणि 10 पैकी 6 प्रेसना लाइट कर्टन बसले आहेत. हात आत असताना प्रेस खाली येत नाही. जुन्या 4 प्रेसचा क्लच एकदा लागला की स्ट्रोक मध्येच थांबत नाही, त्यामुळे तिथे लाइट कर्टनचा उपयोग नाही. त्यांना यांत्रिक गार्ड लागेल. कंपनीने कोटेशन मागवलं आहे, तारीख मात्र दिलेली नाही. साहेब, ती आज कळली तर बरं होईल.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न मागच्या करारात सुटला नाही. ताईंवर यावरून टीका होते, आणि ती करणारेही याच सभागृहात बसले आहेत. त्यांनी ती इथेच, माइकवर करावी. कॅन्टीनच्या रांगेत केलेली टीका इतिवृत्तात येत नाही.

आता क्रम. ताई 15 मिनिटं बोलतील. मग कार्मिक व्यवस्थापक 7 मिनिटं, आणि त्या वेळी घोषणा नकोत. उरलेल्या वेळेत प्रश्न. चिठ्ठीवर विभाग आणि प्रश्न लिहा, नाव लिहायची सक्ती नाही. एकाच विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र वाचू, म्हणजे प्रेस शॉपच्या चार प्रश्नांत पेंट शॉपचा एक बुडणार नाही. आज मतदान नाही, हात वर करूनही नाही, कारण रात्रपाळी इथे हजर नाही. मागणीपत्रावर गुप्त मतदान गुरुवारी, तिन्ही पाळ्या बदलताना, टाइम ऑफिसशेजारी. ओळखपत्र आणा.

3:36 झालेत. मंगलताई, या.