‘काही नाही’ म्हणायची सवय

अगं,

समोर बसून बोललो तर मी परत तुझं वाक्य तोडेन, म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींत ‘माझं चुकलं, पण’ असं आलं होतं, आणि त्या ‘पण’नंतरचं सगळं माझ्याच बाजूचं होतं. फाडून टाकले.

गुरुवारी रात्री तू म्हणालीस, “आईच्या रिपोर्टच्या दिवशी मी एकटी होते.” लॅपटॉपवरची नजरही न काढता मी म्हणालो, “परत तेच? सात महिने झाले त्याला.” तू “बरं” म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. तू झोपली नव्हतीस, ते मला कळत होतं. तरी मी माझं काम पुरं केलं.

त्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट दुपारी मिळणार होता. “जमलं तर येतो,” असं सांगून मी निघालो आणि आलो नाही. तुझा फोन आला. गाठ साधी आहे म्हणालीस आणि तुला रडू फुटलं. त्यावर मी म्हणालो, “चांगलंच निघालं ना सगळं, मग आता रडतेस कशाला?” मला वाटलं, मी धीर देतोय. आठवडाभर तू आईंसमोर हसत होतीस. रात्री पाणी प्यायला म्हणून उठायचीस आणि अर्धा अर्धा तास परत यायची नाहीस. हे मला दिसत होतं. ते रडू त्या सगळ्या आठवड्याचं होतं, आणि मी तुला कारण विचारत बसलो. त्या रात्री तू चिडलीस तेव्हा ‘राईचा पर्वत करतेस’ हेही वर ऐकवलं. त्या दिवशी न येण्यापेक्षा हे जास्त वाईट होतं, असं मला आता वाटतं.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. तू म्हणतेस, मी तुझं ऐकून घेत नाही. मी म्हणतो, “कधी? एक उदाहरण दे.” उदाहरण दिलंस की म्हणतो, “जुनं उकरून काढू नकोस.” नाही दिलंस की म्हणतो, “बघ, उगाच बोलतेस.” म्हणजे तू काहीही केलंस तरी मीच जिंकणार. तुझा आवाज चढला की “आधी शांत हो, मग बोलू,” म्हणून मोबाइल हातात घेतो. तू शांत झालीस की तो विषय मी परत कधीच काढत नाही. इतकी वर्षं मी याला समजूतदारपणा म्हणत आलो. माझा आवाज चढत नाही याचा तर मला अभिमान होता!

गेले काही महिने आपली भांडणं कमी झाली होती. मी मनात खूश होतो. “काय झालं?” विचारलं की तू “काही नाही” म्हणायचीस आणि मी सुटल्यासारखा दुसऱ्या खोलीत जायचो. तू माझ्याशी बोलणंच सोडून दिलं होतंस, हे लक्षात यायला रविवार उजाडावा लागला. तू लेकाला वह्यांच्या पसाऱ्यावरून बोलत होतीस आणि तो म्हणाला, “झालं का तुझं?” शब्द माझे, मान हलवायची पद्धतसुद्धा माझीच. तू त्याला रागावली नाहीस. फक्त एकदा माझ्याकडे बघितलंस.

त्याच्याशी मी बोललोय. हे शब्द त्याने माझ्याकडून उचलले आणि ते चुकीचे आहेत, एवढं सांगितलं. तो म्हणाला, “मग तुम्ही आईला सॉरी म्हणालात का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुला काय लागलं आणि किती लागलं, हे ठरवायचा हक्क मला नव्हता. मी तो घेतला, पुन्हा पुन्हा घेतला. माझं चुकलं. मला माफ कर, आणि आज करावंसं वाटत नसेल तर नको करूस. त्यावरून मी तोंड पाडून बसणार नाही.

मी एकदम बदलेन असं म्हणत नाही. अशी वाक्यं तू माझ्याकडून पुष्कळ ऐकली आहेस. एवढं मात्र करतो: तू बोलत असताना मोबाइल दुसऱ्या खोलीत राहील. “उगाच”, “परत तेच” असं तोंडातून निघालंच तर तिथेच थांबव. मी चिडेनही, पण थांबेन. आणि विषय अर्धा राहिला तर दुसऱ्या दिवशी तो मी काढेन, तू वाट बघायची नाहीस.

त्या दुपारी रिपोर्ट हातात येईपर्यंत तू तिथे काय केलंस, कोणाशी बोललीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. मला ते ऐकायचंय. आज, किंवा तुला वाटेल तेव्हा.

कागद तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतोय. लेकाला शाळेत मी सोडतो, तू सावकाश वाच.

तुझा,
मी