मृत्युपत्र

मी, श्रीमती सुलोचना दिनकर माने, वय ७३ वर्षे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार गोंदवले बुद्रुक, तालुका माण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझे हे शेवटचे मृत्युपत्र आहे. यात दिलेली सर्व मिळकत माझ्या पगारातून आणि पेन्शनमधून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावरची आहे. वडिलार्जित असे त्यात काही नाही.

माझा मुलगा चि. प्रशांत पिंपरीत आणि मुलगी सौ. वर्षा संजय जगदाळे फलटणला राहते. गोंदवल्याचे घर प्रशांतला आणि माझे सर्व दागिने वर्षाला मिळावेत. गट नं. २१४ मधील माझी २० गुंठे जमीन कलम ५ च्या अटीला धरून प्रशांतला मिळावी. कलम ३ मधील १८ लाख रुपये आणि कलम ६ मधील खाते सोडून जे काही उरेल, ते दोघांनी समान वाटून घ्यावे.

१. ज्यांच्यासाठी ही तरतूद केली ती जनावरे

सर्जा, खिलार बैल, वय सुमारे १४ वर्षे, पांढरा, डाव्या मागच्या खुराला जुनी भेग, कानातील टॅगचे शेवटचे चार अंक ४४१७. राजा, खिलार बैल, वय सुमारे १३ वर्षे, कोसा रंग, उजवे शिंग टोकाला तुटलेले, टॅगचे शेवटचे अंक ४४२३. चंद्री, खिलार गाय, वय ९ वर्षे, कपाळावर काळसर ठिपका, टॅगचे शेवटचे अंक ८०५६. मोती, गावठी कुत्रा, वय ६ वर्षे, तांबूस, उजव्या कानाचा तुकडा गेलेला. चौघांचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो व लसीकरणाचे कार्ड या मृत्युपत्राला जोडले आहे. टॅग कानातून गळून पडतो, म्हणून नुसत्या टॅगवर विसंबू नये. दरवर्षी नवे फोटो काढावेत. पैसे चालू राहावेत म्हणून मेलेल्या जनावराच्या जागी दुसरे उभे करण्याची वेळ कोणावर येऊ नये आणि तसा संशयही कोणी घेऊ नये, एवढ्यासाठी ही खूण लिहून ठेवली आहे.

२. सांभाळ कोणी करायचा

चौघांचा ताबा श्री. बाळू ज्ञानू खरात, वय ४६, राहणार गोंदवले बुद्रुक, यांच्याकडे राहील. बैल त्यांच्या हातावरच वाढले आहेत आणि त्यांनी हे काम मान्य करून स्वतंत्र संमतिपत्रावर सही केली आहे. त्यांना शक्य नसेल, आजारपण आले किंवा ते माझ्याआधी वारले, तर बैल व गाय यांचा सांभाळ त्यांचा चुलतभाऊ श्री. सोपान मारुती खरात यांनी करावा. मोतीला वर्षाने फलटणला न्यावे. दोघांनीही नाकारले तर एक्झिक्युटरने सातारा जिल्ह्यातील नोंदणीकृत पांजरपोळात जागा बघावी, पण त्याआधी स्वतः जाऊन तिथली दावण, पाण्याची टाकी आणि आजारी जनावरांचा वेगळा कोपरा पाहावा.

जनावरांची मालकी खरात यांना देत नाही. ती एक्झिक्युटरकडे विश्वस्त म्हणून राहील. याचे कारण स्पष्ट लिहिते. जनावर हे कायद्याने मालमत्ता आहे. त्याच्या नावावर पैसा ठेवता येत नाही आणि ते स्वतः कोर्टात दाद मागू शकत नाही. दुसरीकडे, सांभाळणाऱ्याला रक्कम संपूर्णपणे देऊन ती अमुकच कामाला वापरावी असे नुसते सांगितले, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १३८ प्रमाणे ती अट गळून जाते आणि रक्कम त्याची स्वतःची होते. म्हणून पैसा एकाच्या हातात, जनावर दुसऱ्याच्या दावणीला आणि पाहणी तिसऱ्याकडे, अशी वाटणी केली आहे.

३. रक्कम

माझ्या मुदत ठेवींपैकी १८ लाख रुपये या कामासाठी राखून ठेवले आहेत: १६ लाख चारा आणि मेहनतान्यासाठी, २ लाख औषधोपचारासाठी. ही रक्कम चार बँकांत प्रत्येकी साडेचार लाख अशी आहे, कारण एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच ठेव विम्याचे संरक्षण असते. या चारही ठेवींवर पूर्वी प्रशांतचे नामनिर्देशन होते, ते बदलून एक्झिक्युटरचे केले आहे. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. त्यामुळे मुलांनी नामनिर्देशनावरून गैरसमज करून घेऊ नये.

दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत एक्झिक्युटरने खरात यांच्या बँक खात्यात १७,००० रुपये भरावेत. त्यात तीन मोठ्या जनावरांचा चारा-पेंड प्रत्येकी ३,५०० प्रमाणे १०,५००, मोतीचे २,००० आणि खरात यांचा मेहनताना ४,५०० आहे. दरवर्षी १ एप्रिलला यात ५ टक्के वाढ करावी. जनावर दगावले की त्याचा हिस्सा पुढच्या महिन्यापासून थांबेल. दोन्ही बैल गेल्यावर मेहनताना २,५०० होईल, त्यावरही दरसाल वाढ लागू राहील. हिशेब बैलांची आणखी सहा वर्षे, गाईची दहा आणि मोतीची आठ वर्षे धरून केला आहे. ठेवीचे व्याज या ५ टक्के वाढीला साधारण पुरेल, असे धरले आहे.

शेवटी उरलेली रक्कम खरात यांना मिळणार नाही, माझ्या मुलांनाही नाही आणि एक्झिक्युटरलाही नाही. ती गोंदवले बुद्रुकच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीला द्यावी. जनावर लवकर मेले म्हणून कोणाचा फायदा होता कामा नये. उलट, प्रत्येक जनावर वार्धक्याने किंवा अटळ आजाराने गेल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणि त्याआधीच्या वर्षातील नोंदी व्यवस्थित असतील, तर खरात यांना त्या जनावरामागे ४०,००० रुपये बक्षीस द्यावे.

४. सांभाळ कसा करायचा

सर्जा-राजाचे दात झिजले आहेत. अख्खा कडबा त्यांना चावत नाही, ते नुसता चघळून टाकतात आणि पाठ दिसू लागते. म्हणून कडब्याची बारीक कुट्टी करून, पाणी शिंपडून, रोज प्रत्येकी ५ किलो द्यावी. हिरवा चारा १२ किलो, भुसा-पेंड मिळून दीड किलो, दोन वेळा विभागून. खनिज मिश्रण ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. गुडघ्याएवढी कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली ज्वारी कापून घालू नये, त्याने विषबाधा होऊन जनावर तासाभरात पडते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओला लसूणघास पोटभर घातला की पोट फुगते. आधी कोरडी कुट्टी, मग घास, हा क्रम मोडू नये. सर्जा प्लॅस्टिकच्या बादलीतले पाणी पीत नाही, त्याला दगडी कुंडीच लागते. कुंडी दर आठवड्याला घासून चुना लावावा.

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पाऊस सुरू होण्याआधी, लंपीची वर्षातून एकदा. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी, शेण तपासून. सर्जाच्या खुराची भेग दर दीड महिन्याला तासून घ्यावी, चिखलात उभा राहिला की ती चिघळते. मोतीला रेबीजची लस दरवर्षी. फटाक्यांच्या दिवसांत त्याला बांधून ठेवू नये, घरात घ्यावे.

बैलांना नांगर, गाडी किंवा शर्यतीला जुंपू नये. बेंदराला शिंगे फक्त गेरूने रंगवावीत, ऑइलपेंट लावू नये. चंद्रीला यापुढे फळवू नये. शेणखत खरात यांचे. त्यातला एक रुपयाही हिशेबात धरू नये.

५. गोठा, जमीन आणि पाणी

गट नं. २१४ मधील २० गुंठे, त्यावरील गोठा आणि विहिरीचे पाणी शेवटचे जनावर हयात असेपर्यंत केवळ चाऱ्यासाठी आणि दावणीसाठी वापरात राहील. तोपर्यंत प्रशांतने ती जमीन विकू नये, कोणाला खंडाने देऊ नये किंवा कुंपण घालू नये. तोपर्यंतचे वीजबिल आणि शेतसारा राखीव रकमेतून भरावा.

६. माझ्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने

मृत्यू झाल्याचे कळताच बँक माझी एकटीची खाती थांबवेल, ठेवी मोडायला कागदपत्रे लागतील आणि जनावराला मात्र त्याच संध्याकाळी वैरण हवी. म्हणून एक्झिक्युटरसह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ असे एक बचत खाते उघडले आहे, त्यात ५०,००० रुपये असतील. पहिले दोन महिने त्यातूनच पैसे द्यावेत, उरेल ते कलम ३ मधील राखीव रकमेत जमा करावे. खरात यांनी त्याच दिवशी सर्व जनावरे ताब्यात घ्यावीत.

७. औषधोपचार आणि अखेर

तपासणीचे आणि औषधांचे बिल एक्झिक्युटरने थेट पशुवैद्यकाला द्यावे, रोख सांभाळणाऱ्याच्या हातात देऊ नये. तातडीच्या प्रसंगी खरात यांनी ५,००० रुपयांपर्यंत स्वतः खर्च करून पावती दिल्यास तो परत मिळेल. उपचाराने फक्त वेदना लांबणार असतील तर नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या लेखी मताने, एक्झिक्युटर आणि वर्षा यांना कळवून, वेदनारहित मृत्यू द्यावा. कोणतेही जनावर विकणे, कसायाला देणे किंवा सोडून देणे मला अमान्य आहे. दगावलेले जनावर गोठ्यामागील बांधाजवळ सहा फूट खोल खड्ड्यात चुना व मीठ घालून पुरावे. तोंडा-नाकातून काळपट रक्त येत असेल तर शव फाडू नये, आधी पशुवैद्यकाला बोलवावे.

८. एक्झिक्युटर आणि पाहणी

एक्झिक्युटर म्हणून श्री. अरविंद रामचंद्र देशपांडे, सेवानिवृत्त बँक अधिकारी, राहणार दहिवडी, यांना नेमते. ते नसतील तर सौ. वर्षा जगदाळे. एक्झिक्युटरला वर्षाकाठी १२,००० रुपये राखीव रकमेतून मिळतील. वर्षाने दर तीन महिन्यांनी, न कळवता, गोठ्यावर जाऊन यावे. जनावराच्या बरगड्या मोजता येतात का, खुरे कशी आहेत, कुंडीत शेवाळ आहे का, हे पाहावे. हयगय दिसली तर लेखी सूचना देऊन पंधरा दिवस वाट पाहावी. सुधारणा न झाल्यास एक्झिक्युटरने मासिक रक्कम थांबवून कलम २ मधील पर्यायी व्यक्तीकडे ताबा द्यावा. प्रशांत आणि वर्षा यांपैकी कोणीही ही तरतूद अमान्य करून दावा लावला, तर त्याच्या वाट्याला येणारा कलम ३ बाहेरील पैसा दुसऱ्याला मिळावा.

सदर मृत्युपत्र मी दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी वाचून, समजून, खालील दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

सही: सुलोचना दिनकर माने

साक्षीदार १: डॉ. माधव शंकर कुलकर्णी, वैद्यकीय व्यावसायिक, दहिवडी. मी आज सकाळी त्यांची तपासणी केली. त्या पूर्ण शुद्धीवर असून मजकूर त्यांना समजला आहे.

साक्षीदार २: श्रीमती शालिनी बाबुराव घाडगे, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, गोंदवले बुद्रुक.