शून्य आर्यभटाने शोधले का?

नाही. आणि त्याच्या जागी दुसरे एखादे नाव टाकूनही भागणार नाही. 'शून्य' म्हणताना आपण तीन गोष्टींची सरमिसळ करतो: रिकाम्या स्थानाची खूण, डावीकडे सरकताना दसपट होणारी अंकलेखनाची रीत आणि जिच्याशी बेरीज-वजाबाकी करता येते ती संख्या.

खूण बाबिलोनियातल्या खगोलाच्या कोष्टकांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराला दिसते, पण तिथली मोजणी साठाची. दशमान रीत आर्यभटाने 499 साली एका ओळीत सांगितली: 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्'. गंमत म्हणजे तो स्वतः ग्रहांचे आकडे अक्षरांच्या संकेताने लिहितो, शून्याचे चिन्ह वापरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे पश्चिमेला सरकल्यासारखे वाटतात, हे मात्र त्याने नावेतल्या माणसाचा दाखला देऊन स्पष्ट म्हटले.

अवाढव्य आकड्यांची गरज खगोलालाच होती आणि ग्रंथ श्लोकांत, म्हणून आकडेही शब्दांत गुंफायचे. ब्रह्मगुप्त चतुर्युगाची सौरवर्षे 'खचतुष्टयरदवेदाः' अशी देतो. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य, ते चार वेळा, रद म्हणजे दात, 32, वेद 4. उजवीकडून डावीकडे मांडत जा: 43,20,000. नक्कल करताना एक शून्य गळले तर युग दहापट आखूड व्हायचे. शब्द गळला तर वृत्तच मोडते, चूक लगेच कळते.

याच ब्रह्मगुप्ताने 628 साली शून्याचे नियम दिले. शून्यातून धन वजा केले की ऋण उरते, शून्याने गुणले की शून्य. माझ्या मते खरा टप्पा हा. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, हे त्याचे चुकलेच. शिवाय पृथ्वी फिरते हेही त्याला मान्य नव्हते. शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून तिचा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

कोरलेले शून्य पाहायचे तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचे चतुर्भुज मंदिर गाठा. तिथल्या 876 सालच्या लेखात बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या 50 माळा नोंदल्या आहेत. एखाद्या गणितज्ञाचा नव्हे, देवळाच्या दानाचा हिशेब. म्हणजे तोवर ही रीत चांगलीच रुळली होती.

दशांश अपूर्णांक, म्हणजे 3.14 सारखे लेखन, हा वेगळाच प्रवास. भारतीय अंक बगदादला पोहोचल्यानंतर, 952 च्या सुमाराला दमास्कसच्या अल-उक्लीदिसीने ते वापरले. युरोपात स्टेविनने 1585 साली त्यांचा पुरस्कार केला. आपल्या ज्योतिषांनी पूर्णांक दहाचे घेतले तरी अपूर्णांक साठाचेच ठेवले: अंश, कला, विकला. पंचांगातली घटी-पळेही त्यातलीच.