गोडाऊनचा करार 31 मे 2031 पर्यंत वाढवून द्या अन् भाडेवाढ आधीच ठरवून घेऊ, याबद्दल विनंती

दि. 8 जून 2026

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला, तुमी पेरणीच्या गडबडीत असाल, म्हणून फोनवर अर्धंमुर्धं बोलण्यापेक्षा लिहूनच पाठवून राहिलो. सावकाश वाचा अन् दादालेबी दाखवा, कारण मागच्या वेळी भाड्याचं त्यानंच पाहिलं होतं.

आपला कारंजा रोडवरच्या गोडाऊनचा करार 31 जुलैले संपते. मले तो पुढं चालू ठेवायचा आहे, पण आता 11 महिन्याचा नको. 1 ऑगस्ट 2026 पासून 31 मे 2031 पर्यंत, म्हणजे 58 महिन्याचा एकच करार करू, अन् दरवर्षी भाडं किती वाढणार ते आजच कागदावर लिहून टाकू. एवढीच मागणी आहे, बाकी खाली जे लिहिलं ते हे काहून म्हणून राहिलो त्याचं आहे.

पहिली गोष्ट तारखेची. 11 महिन्याचा करार दरवेळी एक महिना अलीकडं सरकते. आपला पहिला 1 नोव्हेंबर 2023 ले सुरू झाला अन् 30 सप्टेंबरले संपला, दुसरा ऑगस्टअखेर, आता हा तिसरा जुलैअखेर. पहिल्या वेळी सोयाबीनची आवक तोंडावर आली अन् इकडं करारच संपलेला, नवा व्हायचा होता. हमाल ठरलेले, बारदाना आणून ठेवलेला, अन् गोडाऊन राहते का जाते हे नक्की नाही. तेव्हा तुमी समजून घेतलं म्हणून निभावलं. पण व्यापाऱ्याची आवक दसऱ्यापासून सुरू होते, मंग जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमधी हरभरा, म्हणजे एप्रिलपर्यंत गोडाऊनले हात लावता येत नाही. खाली करायचंच असंल तं मे महिना बरा, पाऊस नसते, ट्रक दारापर्यंत लागते. म्हणून शेवटची तारीख 31 मे धरली. उद्या तुमाले जागा दुसऱ्याले द्यायची असली तरी कोरड्यात ताबा भेटते, नवा माणूस सीझनच्या आधी बसू शकते.

आता भाड्याचं. पहिल्या करारात 28,000 होतं, दुसऱ्यात 29,000, अन् तिसऱ्यात एकदम 34,000. एका झटक्यात 17 टक्के. समृद्धी महामार्ग झाल्यापासून इकडं जागेले भाव आला हे मी नाकारत नाही, दादा म्हणते ते खरंच आहे. पण आपलं गोडाऊन इंटरचेंजपासून आत आहे, मोठा कंटेनर वळत नाही, तिथं कंपनीवाल्याचा रेट लागत नाही काकाजी. अन् माझा धंदा कसा आहे तुमाले माहीत आहे, क्विंटलमागं थोडेसे पैसे सुटते. 2025-26 ले सोयाबीनचा हमीभाव 5,328 होता, अन् दिवाळीत मार्केटात माल त्याच्या बराच खाली गेला, तं शेतकऱ्यानं विकलं नाही, माझ्याकडं आणून ठेवलं. ठेवलेल्या मालाचं भाडं मी त्याले कट्ट्यामागं सीझनच्या सुरुवातीलेच सांगतो, मंग मधात वाढवता येत नाही. माझंच भाडं किती होणार हे मले माहीत नसलं तं त्याले मी काय सांगू?

म्हणून माझा प्रस्ताव असा की चालू भाडं 34,000 धरून दरवर्षी 5 टक्के वाढ, मागच्या वर्षाच्या शंभरात न आणलेल्या भाड्यावर, अन् मंग आकडा जवळच्या शंभरात आणून. वाढ दर 1 जूनले. हिशेब करून पाहिला तं असा बसते:

1 ऑगस्ट 2026 ते 31 मे 2027 : महिना 35,700
1 जून 2027 पासून : 37,500
1 जून 2028 पासून : 39,400
1 जून 2029 पासून : 41,300
1 जून 2030 ते 31 मे 2031 : 43,400

पहिला टप्पा 10 महिन्याचाच आहे हे लक्षात घ्या, म्हणजे दुसरी वाढ तुमाले बारा महिन्याच्या आधीच भेटते. सगळे मिळून 22 लाख 96 हजार 200 रुपये होते. भाडे नियंत्रण कायदा 1999 मधी जुन्या भाडेकरूले वर्षाले 4 टक्के वाढ धरली आहे, आपला लिव्ह अँड लायसन्स त्या हिशेबात बसत नाही हे मले माहीत आहे, पण 5 टक्के काही कमी नाही हे दाखवाले सांगतो.

दादाले हा आकडा कमी वाटला तं मी पहिल्या टप्प्याचं भाडं 36,500 करायले तयार आहे, मंग शेवटल्या वर्षी ते 44,400 च्या जवळ जाईल. तेवढं सरकायची तयारी आहे. पण टक्का ठरलेला पाहिजे अन् "त्या वेळच्या बाजारभावाप्रमाणं" असं वाक्य करारात नको, कारण बाजारभाव कोण ठरवणार यावरूनच भांडण होते, अन् आपले संबंध मले त्यापेक्षा महाग आहे.

एक गोष्ट तुमाले बहुतेक कोणी सांगितली नसंल. तुमी जीएसटीत नोंदणी केलेली नाही, अन् 10 ऑक्टोबर 2024 पासून अशा मालकाच्या व्यापारी जागेवरचा 18 टक्के कर भाडेकरूनंच भरायचा असा नियम आला. म्हणजे 34,000 वर 6,120 मी दर महिन्याले वेगळे भरतो, माझ्या खिशातून जाते ते 40,120. सुटी तूर-हरभऱ्यावर कर नसल्यानं तो पैसा सगळा वळताबी होत नाही. तुमाले यातला रुपया मागत नाही, फक्त भाडं पाहताना हेबी डोक्यात असू द्या. टीडीएसची भानगड नाही, महिना 50,000 च्या आत असल्यानं पाचही टप्प्यात काही कापल्या जात नाही, पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात येईल.

हा करार रजिस्टर करू, मागचे तिन्ही नोटरीवरच झाले. खरं तं कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, अन् करार रजिस्टर नसला तं वादात भाडेकरू जे सांगंल ते कोर्ट आधी खरं धरते, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे रजिस्टर नाही केला तं फायदा माझा आहे अन् मीच तुमाले करा म्हणून मागं लागलो! यात माझाबी स्वार्थ आहे, लपवत नाही. बँकेत कॅश क्रेडिटची लिमिट वाढवून मागितली तं मॅनेजर म्हणते 11 महिन्याच्या नोटरीवर काय देऊ. स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का लागते, त्यात डिपॉझिटवरचं व्याजबी मोजते, तरी 6,000 च्या आतच बसंल. तो खर्च अन् नोंदणी फी माझ्याकडं. ऑनलाइन होते, आधारवर अंगठा घ्याले माणूस अमरावतीले तुमच्या घरी येऊन जाईल, तुमाले ऑफिसात ताटकळायची गरज नाही.

डिपॉझिट सध्या एक लाख आहे, ते सव्वा लाख करतो, वरचे पंचवीस हजार सही झाली की त्याच दिवशी. भाडं दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत एनईएफटीनं. आतापर्यंत एकबी महिना चुकला नाही हे पासबुकात दिसंल.

लांब मुदत मागतो त्याचं अजून एक कारण तुमच्याच गोडाऊनचं आहे. मागच्या बाजूच्या दोन गाळ्यांत खालचा कोबा उखडला आहे, तिथं थप्पी लावली की खालच्या थराचे कट्टे ओल धरते, खाली लाकडी फळ्या टाकल्या तरी. सोयाबीन 12 टक्क्याच्या वर ओलं गेलं की गरम होते, हात घातला तं समजते, अन् मंग तेलवाला कपात लावते. तिकडचा कोबा नवा करायचा, छतावर हवेनं फिरणारे पंखे बसवायचे, वजनकाट्याजवळ कॅमेरा लावायचा, असा साधारण सव्वादोन लाखाचा खर्च मी करायले तयार आहे. 11 महिन्याच्या भरवशावर कोणी करंल का? कोबा अन् पंखे मी जाताना तसेच राहतील, त्याचे पैसे मागणार नाही. कॅमेरे माझे मी काढून नेईन.

छपराचं मात्र तुमच्याकडं राहू द्या. तिसऱ्या कैचीजवळ दोन पत्रे गंजले अन् पन्हाळ तिकडं उतार सोडून बसलं, यंदाचा मोठा पाऊस यायच्या आत ते पाहावं लागते. ग्रामपंचायतीचा कर तुमचा, लाइट बिल माझं, जसं आतापर्यंत आहे तसंच.

करारात आणखी एवढं टाका. पहिले दोन वर्षं कोणी मोडायचं नाही, ना तुमी ना मी. त्यानंतर ज्याले सोडायचं त्यानं तीन महिन्याची लेखी नोटीस द्यायची, पण ऑक्टोबर ते एप्रिल ताबा मागायचा नाही. तुमी जागा विकली तं घेणाऱ्यानं हाच करार मुदतीपर्यंत पाळायचा. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितो, काहून की एप्रिलमधी एक गाडी येऊन दोघे तिघे माणसं गोडाऊन मोजून गेले, कोणाले विचारलं नाही, हमालानं मले फोन केला. तुमी पाठवले असतील तं राग नाही, जागा तुमची आहे, फक्त मले आधी कळू द्या.

मी या रविवारी अमरावतीले येतो, दुपारी जेवण झाल्यावर दोन-अडीचच्या सुमाराले घरी आलो तं चालंल का, दादा असला तं बरं होईल. मसुदा वकिलाकडून लिहून घेऊन सोबतच आणतो, तुमाले जिथं खोडायचं तिथं खोडा. आकडे पटले तं 30 जूनच्या आत फोनवर हो म्हणा, म्हणजे जुलैत नोंदणी होऊन जाईल. नोंदणीले उशीर झाला तं 31 ऑगस्टपर्यंत जुन्याच भाड्यावर चालू द्या, सही झाल्यावर ऑगस्टचा फरक मी भरून देईन. अन् नाहीच जमत असंल तं तेबी याच महिन्यात सांगा जी, दसऱ्याच्या आधी मले दुसरीकडं छत पाहावं लागंल.

काकूले नमस्कार सांगा.

तुमचा,
प्रशांत
(गोडाऊनवाला)