वार्षिक पगारवाढ आणि दिवाळी बोनस २०२५ : डाळमिलमधील सर्व सहकाऱ्यांसाठी

जळगाव एमआयडीसी
दि. ८ ऑक्टोबर २०२५

सहकारी बंधू-भगिनींनो,

तुम्ही ज्या आकड्याची वाट बघताय तो आधी सांगतो, कारणं मागाहून. २०२४-२५ या वर्षाचा बोनस १२ टक्के देत आहोत. गेल्या दिवाळीला तो १६ टक्के होता. पगारवाढ ५ टक्के, १ ऑक्टोबरपासून लागू. गेल्या वर्षी ती ९ टक्के होती. म्हणजे दोन्ही ठिकाणी यंदा कमीच आहे.

मागच्या महिन्याच्या बैठकीत तुमच्या प्रतिनिधींनी २० टक्के बोनस आणि किमान १० टक्के वाढ मागितली होती. मागणी अवाजवी नव्हती. घरभाडं, पोरांच्या शाळेची फी, दवाखाना हे सगळं कुठे पोचलंय ते मलाही दिसतं. शिवाय गेल्या दिवाळीला मिठाईचे डबे वाटताना मीच म्हणालो होतो, ‘पुढच्या वर्षी याच्यापेक्षा चांगलं करू.’ त्या शब्दावर काहींनी घरी हिशेब मांडला असेल. तो शब्द मला पाळता आला नाही. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो.

आता कारण. तुमच्या कामात कुठेही कमी पडलेलं नाही, नुकसान खरेदीत झालं आणि खरेदीचा निर्णय माझा होता. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तूर फार तेजीत होती. जूनमध्ये सरकारने तूर आणि हरभऱ्यावर साठ्याची मर्यादा घातली, ती सप्टेंबरअखेर उठली. मिल बंद पडू नये म्हणून आपण त्या काळात क्विंटलला अकरा हजारांच्या वर भाव देऊन माल उचलला. पुढे नवं पीक आलं, आयातीची तूरही विनाशुल्क येत राहिली आणि बाजार घसरला. हमीभाव ७,५५० रुपये असताना बाजारात त्याच्याही खाली सौदे झाले. महाग तुरीची डाळ स्वस्त भावात विकावी लागली. हरभरा डाळीचंही गणित बिघडलं. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येऊ लागला आणि बेसनवाले तिकडे वळले, त्यामुळे आपली जुनी गिऱ्हाइकं निम्म्या ऑर्डरवर आली. माल अडकला तो अडकलाच, वर बँकेच्या सीसी खात्याचं व्याज चढत गेलं.

अशा वर्षातही मिलचा उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला. बाहेरच्याला अर्धा टक्का म्हणजे काहीच वाटणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, शंभर क्विंटल तुरीमागे ती पन्नास किलो जास्तीची डाळ असते, आणि ती तेल-पाणी नीट लावलं, माल अंगणात वेळेवर उलटला, रोलर बरोबर सेट केला तरच हाती लागते. फेब्रुवारीत एका रात्री दीड वाजता मी मिलमध्ये आलो होतो. सॉर्टेक्सवरचा आपला ऑपरेटर मूठभर डाळ तळहातावर पसरून ट्यूबलाइटखाली काळा दाणा शोधत उभा होता. मी आलेलोही त्याला कळलं नाही. मशीन कमी-जास्त केलं, पुन्हा मूठ भरली, पुन्हा बघितलं. त्या दिवसांत सॉर्टेक्सवर दोन पाळ्या चालल्या, आणि परत आलेला माल वर्षभरात एकच गाडी. ज्यांनी हे केलं त्यांना यंदा जास्त मिळेल असं वाटणं साहजिक होतं. मलाही ते द्यायचं होतं.

पगारवाढ सरसकट टक्क्यांत दिली तर ज्याचा पगार कमी त्याच्या हातात सगळ्यात कमी पडतं. म्हणून वाढ दरमहा ९०० रुपयांपेक्षा कमी कुणालाही नाही. ज्यांचा पगार १८ हजारांच्या आत आहे त्यांना यामुळे ५ टक्क्यांपेक्षा थोडी जास्तच वाढ मिळेल. १४ हजारवाल्याला ती साधारण साडेसहा टक्के पडते. ४० हजारांच्या वरच्यांना ३ टक्केच. त्या मंडळींशी मी एकेकट्याशी बोललो आहे. दोघांनी उघड नाराजी सांगितली. त्यांनी ती तोंडावर सांगितली, हे मला बरं वाटलं. मी आणि माझा धाकटा भाऊ, आमचं मानधन यंदा आहे तेवढंच राहील आणि नफ्यातून आम्ही काही उचललेलं नाही.

बोनसचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा. तो प्रत्यक्ष बेसिक अधिक डीएवर काढला आहे. दोन्ही मिळून महिन्याला १३,००० असतील आणि वर्षभर काम भरलं असेल, तर वर्षाचे १,५६,००० आणि त्यावर १२ टक्के म्हणजे १८,७२० रुपये. याच पगारावर गेल्या वर्षीच्या दराने २४,९६० मिळाले असते. फरक ६,२४० रुपयांचा. ही रक्कम कुणाच्या घरी दिवाळीची सगळी कपडे-खरेदी असते, हे मी विसरलेलो नाही. कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात. तेवढ्यावर थांबा, असं सल्लागाराने सुचवलं होतं. आम्ही थांबलो नाही.

निवडणी आणि भरणीवरच्या ज्या ताईंचे वर्षात किमान ३० दिवस भरले आहेत, त्यांनाही भरलेल्या दिवसांप्रमाणे याच दराने बोनस मिळेल. ऑफिसमधले जे पगाराच्या मर्यादेमुळे बोनसमध्ये बसत नाहीत, त्यांना पंधरा दिवसांच्या बेसिकइतकी सानुग्रह रक्कम. गेल्या वर्षी ती महिन्याची होती.

सप्टेंबरच्या पावसात काही जणांच्या घरच्या शेतात पाणी शिरलं, उभी कपाशी गेली. पाचोरा, जामनेरकडून येणाऱ्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा बोलायला शब्द सुचले नाहीत. यंदा सणाची उचल १०,००० रुपयांपर्यंत, बिनव्याजी मिळेल. कपात जानेवारीपासून दहा हप्त्यांत. नुकसान झालेल्या घरांना आधी. अर्ज साध्या कागदावर चालेल, पंचनाम्याची प्रत मागणार नाही.

पुढचं बोलतो, पण या वेळी आकड्याचा शब्द देत नाही. ऑक्टोबर ते मार्चचा खरेदी-विक्रीचा हिशेब एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या तिन्ही प्रतिनिधींसमोर वहीसकट ठेवीन. सहामाही फायद्यात असेल तर पगारवाढीचा विषय त्याच बैठकीत पुन्हा घेऊ, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबणार नाही. तुरीची मोठी खरेदी आता एकदम न करता टप्प्याटप्प्याने होईल. त्या बैठकीला गोदामाचे आणि मिलचे सुपरवायझरही बसतील, कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘भाऊ, जरा थांबा’ असं त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलं होतं.

बोनस मंगळवारी, १४ ऑक्टोबरला बँकेत जमा होईल, म्हणजे धनत्रयोदशीच्या आधी हातात असेल. पगारवाढीची चिठ्ठी प्रत्येकाला बंद पाकिटात उद्या मिळेल. आकडा चुकलाय असं वाटलं तर अकाउंट्समध्ये दाखवा. आकडा बरोबर आहे पण पटत नाही, असं असेल तर थेट माझ्याकडे या. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी चार ते सात मी केबिनमध्येच आहे, चिठ्ठी पाठवून वेळ घ्यायची गरज नाही. जो बोलेल त्याच्या नावावर काही खूण राहणार नाही, ही माझी हमी. रात्रपाळीवाल्यांसाठी शनिवारी सकाळी साडेसहाला पाळी सुटताना मी गेटजवळ थांबेन.

मिल २१ ते २३ ऑक्टोबर बंद राहील. शुक्रवारी, २४ तारखेला सकाळची पाळी नेहमीच्या वेळेला सुरू होईल.

तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.

आपला,
मिलचा संचालक

(हे पत्र नोटीस बोर्डावर लावले आहे. तिन्ही पाळ्यांत सुपरवायझर ते वाचून दाखवतील.)