स्वर्गीय नर्तक, नर
आधी हलली ती शेपटी, पांढऱ्या रिबिनीसारखी. पक्षी नंतर दिसला. काळा तुरा, डोळ्याभोवती निळी कड. फांदीवरून झेपावून हवेतच किडा टिपायचा. मग एकदा चोचीतला किडा न गिळता तसाच धरून अस्वस्थपणे ओरडू लागला. म्हणजे पिल्लं जवळच. (या जातीत नरही अंडी उबवतो, पिल्लांना भरवतो, तेही एवढी शेपटी सांभाळून!) घरटं शोधलं नाही, लगेच मागे फिरलो. फोटो लांब लेन्सचा, शिवाय क्रॉप केलेला. ठिकाण आणि तारीख मुद्दाम दिलेली नाही, फाइलमधलं जीपीएसही काढलंय. मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही. जवळच्या मित्रांनाही सांगितलेलं नाही. मागची झाडी ओळखीची वाटली, तरी जागेचं नाव लिहू नका.