पर्वरीत डबा न्यायचा का? बाजाराचा अंदाज, वरून आणि खालून

खोर्ली, म्हापसा येथील स्वयंपाकघरासाठी. तिन्ही भागीदारांनी बैठकीआधी वाचावे.

प्रश्न एकच आहे: पर्वरीत रोज किती डबे खपतील आणि तेवढ्यात खर्च निघेल का. त्यासाठी दोन वाटांनी हिशेब केला आहे. वरून येताना सरकारी आकडा घेऊन गाळत गाळत डब्यापर्यंत पोहोचायचे (टॉप-डाउन), आणि खालून जाताना दारे मोजून, माणसांना विचारून बेरीज करायची (बॉटम-अप). दोन्ही आकडे जिथे जुळत नाहीत, तिथे सर्वांत जास्त शिकायला मिळाले.

धरलेला डबा. शिवराक ₹१००, नुस्त्याचा ₹१४०. सोमवारी आणि गुरुवारी सगळे शिवराक. उरलेल्या चार दिवशी दर चार डब्यांत तीन नुस्त्याचे जातात. आठवड्याची सरासरी ₹१२० पडते. कचेऱ्या शनिवारी बंद असल्या की नुस्त्याचा एक वार बुडतो आणि सरासरी ₹११८ वर येते. हा फरक पुढे धरलेला नाही.

वरून खाली

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. विधानसभेचे मतदारसंघ ४०, म्हणजे एकाला सरासरी साडेछत्तीस हजार माणसे. २०२२ च्या निवडणुकीत राज्यात साडेअकरा लाखांहून अधिक मतदार होते, म्हणजे मतदारसंघाला सुमारे २९,०००. चारातले तीन जण मतदानाच्या वयाचे धरले तर माणसे ३८-३९ हजार होतात. दोन्ही आकडे जवळ आले म्हणून पर्वरीसाठी ३८,००० धरले.

खर्चाचा आकडा केंद्राच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणातला आहे. शहरी गोव्यात माणशी महिना सुमारे ₹८,७००. देशभराच्या शहरी खर्चात पेये, तयार खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा १०.६४ टक्के आहे. म्हणजे माणशी सुमारे ₹९२५, आणि ३८,००० माणसांचे महिन्याला साधारण साडेतीन कोटी.

हा साडेतीन कोटींचा आकडा बैठकीत कोणी तोंडातून काढू नये. त्यात चहा, बिस्किटे, फरसाण, थंड पेये, हॉटेलची बिर्याणी सगळे आले. इथून पुढची गाळणी आपल्या अंदाजाची आहे: तयार जेवण एक तृतीयांश (₹१.१७ कोटी), त्यातला रोजचा बांधलेला डबा १० टक्के (₹११.७ लाख). ₹१२० चा डबा महिन्याला २४ दिवस म्हणजे ₹२,८८०. भागाकार येतो ४०६ डबे.

पण ते एक तृतीयांश आणि दहा टक्के हलवले की काय होते ते पाहा. पाव आणि सहा टक्के धरले तर १८३ डबे. चाळीस आणि पंधरा टक्के धरले तर ७३२. दोन्ही गृहीतके कोणालाही पटतील अशी, आणि उत्तरात चौपट फरक. या वाटेने एवढेच कळते की बाजार पन्नास डब्यांचा नाही आणि पाच हजारांचाही नाही.

खालून वर

फिरण्याची हद्द आधी आखली: तीन बिल्डिंगपासून दीड किलोमीटर, त्यात हाउसिंग बोर्ड कॉलनी, पीडीए कॉलनी आणि महामार्गालगतच्या कचेऱ्या. सचिवालय मुद्दाम सोडले. आत जायला पास लागतो, आणि फाटकावर डबे ठेवून यायचे म्हटले तर कोणाचा डबा कोणी नेला ते कळत नाही.

विचारायचा प्रश्न नीट ठरवणे महत्त्वाचे. "डबा सुरू केला तर घ्याल का?" याला गोव्यात कोणी नाही म्हणत नाही. म्हणून विचारले: काल दुपारी काय जेवलात, कुठे, किती पैसे गेले? त्यानंतर एका आठवड्याच्या चाचणीसाठी ₹१०० आगाऊ मागितले. ज्यांनी शंभर रुपये काढून दिले तेवढेच मोजले. "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणारे मोजले नाहीत.

कचेऱ्या, दुकाने, बँका, दवाखाने मिळून ७४ ठिकाणी ६१० माणसे कामाला. त्यातल्या ३१ ठिकाणी ११८ जणांना विचारले. ६७ जणांनी घरचे आणले होते, ३४ हॉटेल किंवा कँटीनमध्ये जेवले, ११ जणांकडे दुसऱ्या कोणाचा तरी डबा होता, ६ जणांनी भाजीपाव किंवा पॅटिसवर भागवले. शंभर रुपये देणारे निघाले ९. त्या प्रमाणात ६१० मागे ४६. खोर्लीच्या वहीत चाचणी सुरू केलेल्या ४० पैकी १९ जण तिसऱ्या महिन्यात टिकले, म्हणून ४६ चे २२ धरले.

फ्लॅट मोजताना फसायला होते. २३ इमारतींत ४१२ फ्लॅट, पण १३१ बंद: कोणाचे सुट्टीचे घर, कोणाचे पर्यटकांना दिवसावर दिलेले. बेलच्या पाट्या मोजून आलो असतो तर हे सगळे गिऱ्हाईक वाटले असते. रात्री आठला दिवे पाहायचे आणि वॉचमनशी बोलायचे. खरे वापरातले फ्लॅट २८१. त्यात ५८ फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारे नोकरदार, साधारण १५० जण, आणि ३७ फ्लॅटमध्ये फक्त वयस्क, मुले परदेशी किंवा मुंबई-पुण्याला.

| गट | एकूण | विचारले | पैसे दिले | टिकतील असे डबे |
|---|---|---|---|---|
| कचेऱ्या (दुपार) | ६१० जण | ११८ | ९ | २२ |
| भाडेकरू (रात्र) | १५० जण | ४० | ८ | १४ |
| वयस्क घरे (दुपार) | ३७ घरे | १२ | ४ | १३ |

वयस्क घरांत टिकण्याचे प्रमाण जास्त आहे, वहीत ८ पैकी ६. म्हणून ३७ चा तिसरा हिस्सा १२ घरे, त्यातली ९ टिकतील. दोघे जण सरासरी दीड डबा घेतात. त्यांना भात जास्त, हुमणाला तिखट कमी आणि चपात्या मऊ हव्यात. एकूण ४९ डबे: दुपारचे ३५, रात्रीचे १४.

दोन आकडे समोरासमोर

४०६ पैकी ४९ म्हणजे बारा टक्के, आणि ते वाजवी वाटते. इथेच थांबलो असतो तर चुकलो असतो. वरचा आकडा अख्ख्या मतदारसंघाचा आहे, सुकूर, साल्वादोर द मुंदपर्यंत पसरलेला. आपली हद्द त्याच्या फार तर ४० टक्के वस्तीची. म्हणजे १६२ डब्यांपैकी ४९, तीस टक्के. पहिल्या वर्षी नव्या डब्याला तीस टक्के वाटा कोणी देत नाही.

घोळ असा की दोन्हीकडे माणसे वेगळी मोजली गेली. वरचा हिशेब पर्वरीत राहणाऱ्यांचा आहे. कचेरीतले २२ जण मात्र बहुतेक म्हापशाहून, डिचोलीहून, पणजीहून दिवसा येणारे, त्यांची नावे पर्वरीच्या यादीत नाहीत. त्यांना वगळून १६२ शी २७ ताडले तर वाटा सतरा टक्क्यांवर येतो. भाडेकरूंचे मतही बहुधा गावच्या यादीतच असते, म्हणजे वरचा आकडा मुळात थोडा कमी आहे. थोडक्यात, आपले सर्वांत चांगले गिऱ्हाईक सरकारी आकड्यात दिसतच नाही. वरच्या वाटेवर यापुढे वेळ घालवायची गरज नाही.

स्कूटर किती नेईल

खोर्ली ते पर्वरी नऊ किलोमीटर. महामार्गावर वळणे बदलत असतात, म्हणून अर्धा तास धरला. कचेरीत एका ठिकाणी दोन-तीन डबे जातात, ९ थांबे, प्रत्येकी ३ मिनिटे. फ्लॅटला फाटकावरची नोंद, लिफ्ट आणि दाराशी दोन शब्द मिळून ५ मिनिटे, ९ घरांची पाऊण तास. एकूण १०२ मिनिटे. साडेअकराला निघालो तर शेवटचा डबा १:१२ ला. कचेऱ्या आधी, घरे नंतर. उलट केले तर कचेरीतला माणूस सव्वा वाजता कँटीनला गेलेला असतो. त्याआधी निघायचे तर बांगडा अकरालाच तळावा लागतो, आणि डब्यात दोन तास कोंडलेला बांगडा मऊ पडतो. म्हणजे एका स्कूटरची दुपारची मर्यादा ३५. छत्तिसाव्या डब्याला दुसरा माणूस लागेल.

पैसे

एका डब्याला सामान, गॅस आणि धुणे मिळून ₹७४ जातात, उरतात ₹४६. गॅस व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचा धरला आहे, घरगुती १४.२ किलोचा नाही.

फक्त दुपार: महिन्याला ८२२ डबे (कचेऱ्या २२ दिवस, घरे २६), सुटतात ₹३७,८०० च्या आसपास. डबे पोहोचवणारा ₹९,०००, पेट्रोल ₹१,०५०, स्वयंपाकघरात मदतनीस ₹१२,०००, हरवलेले डबे ₹१,५००. एकूण ₹२३,५५०. शिल्लक सुमारे ₹१४,२००. बरोबरीला महिन्याला ५१२ डबे लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे २२.

रात्रीसाठी जादा फक्त ₹८,०५०, कारण मदतनीस आधीच आहे. दिवसाला ७ डबे झाले की तो खर्च निघतो.

आता सर्वांत कच्चा दुवा. वयस्क घरांचे १२ तले ४ हा फार लहान नमुना आहे, उद्या तो १ ही निघेल. तसे झाले तर दुपारची शिल्लक ₹२,३०० वर येते. कचेऱ्यांत ९ ऐवजी ५ जण निघाले, तर ₹४,१००. दोन्ही एकदम घसरले तर महिन्याला सुमारे ₹७,८०० तोटा. म्हणून बैठकीआधी आणखी १५ वयस्क घरे विचारून यावीत. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

वर्षाचे चार वाईट तुकडे वेगळे धरावेत. जून-जुलैत ६१ दिवस मासेमारी बंद, बांगड्याचा भाव चढतो, पण ₹१४० वाढवता येत नाहीत. त्या दोन महिन्यांत सुके बांगडे, सुंगटांची किसमूर आणि अंड्याचे हुमण यांचा आधार. श्रावणात जवळजवळ सगळे शिवराक. चतुर्थीचा आठवडा शून्य. डिसेंबरात ३ आणि १९ तारखेच्या सुट्ट्या व नाताळ धरून कचेरीचे २२ दिवस १९ वर येतात.

सुचवणी

दुपारपासून सुरुवात करावी, ती चतुर्थीनंतर, म्हणजे पहिला महिना पूर्ण मिळेल. पैसे दिलेल्या ९ कचेरीवाल्यांना आणि ४ घरांना आधी. रात्रीचा डबा ८ जणांचे महिन्याचे पैसे हातात आल्यावरच. आठ आठवड्यांनी दिवसाला २२ डबे नसले तर पर्वरी बंद, आणि हे आजच कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. तेव्हा कोणीतरी नक्की म्हणेल, "अजून एक महिना बघूया."